काचेच्या विटेतला उजेड

पुण्यातल्या एका बंगल्याचं काम माझ्याकडे होतं. माझा धंदा म्हणजे घर बांधण्याआधी ते दाखवणं. आर्किटेक्टच्या नकाशांवरून कॉम्प्युटरवर घर उभं करायचं, त्यात ऊन आणि दिवे सोडायचे आणि मालकांच्या हातात फोटोसारखं चित्र द्यायचं. या चित्राला आमच्याकडे सगळेच ‘रेंडर’ म्हणतात. त्या बंगल्याच्या जिन्यात, मधल्या चौकावर, पश्चिमेला ग्लास ब्लॉकची भिंत यायची होती. मी रेंडर करून दिलं. भिंतीतून मऊ, दुधासारखा उजेड पायऱ्यांवर पसरलेला होता. घरातल्या वहिनींना ते चित्र इतकं आवडलं की त्यांनी ते मोबाइलवर ठेवलं होतं. आठ महिन्यांनी भिंत उभी राहिली आणि त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. चहा झाल्यावर म्हणाल्या, “दादा, भिंत झकास झालीय. पण तुम्ही दाखवली होती ती ही नव्हे.”

त्यांचं खरं होतं. माझ्या चित्रात सगळी भिंत एकसारखी धुरकट होती, बाथरूमच्या दाराला दुधी काच असते तशी. समोरच्या भिंतीत मात्र एकेक वीट वेगळी दिसत होती. बाहेरच्या आंब्याचा हिरवा रंग प्रत्येक विटेत तुकडे होऊन सांडला होता. त्या तुकड्यांच्या कडा धारदार होत्या. विटांच्या कडेने हिरवट, उजळ चौकट होती, आणि मी डोकं जरा हलवलं की सगळे तुकडे एकदम जागा बदलत होते. उजेड मऊच होता, पण कुठेही धूसर नव्हता.

तिथे उभं राहून मला माझी चूक कळली. ग्लास ब्लॉकमधला उजेड पुसलेला नसतो, मोडलेला असतो. दुधी काचेचा पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यामुळे प्रत्येक किरण फुटून चहूकडे विखुरतो. ग्लास ब्लॉकची काच मात्र चकचकीत गुळगुळीत असते. तिच्यातून गेलेला किरण शाबूत राहतो, फक्त त्याची दिशा बदलते. शेजारच्या किरणाची दिशा थोडी वेगळी बदलते आणि चित्र विस्कटतं. रेंडर करणारे बहुतेकजण इथेच फसतात. सॉफ्टवेअरमध्ये काचेला Roughness नावाची एक पट्टी असते. ती शून्यावरून थोडी सरकवली की काच धुरकट होते. भिंतीतून पलीकडचं नीट दिसायला नको म्हणून ती पट्टी सरकवायची, की दोन मिनिटांत काम संपतं. मीही तेच केलं होतं.

परत येताना मी बांधकाम साहित्याच्या दुकानातून एक ब्लॉक विकत घेतला. बाजारात सगळ्यात जास्त चालणारं माप 190 बाय 190 मिलिमीटर आणि जाडी 80. वजनकाट्यावर तो 2 किलो 300 ग्रॅम भरला. तेवढ्यावरून आतल्या काचेची जाडी काढता येते. साध्या काचेचा एक घन सेंटिमीटर अडीच ग्रॅमचा, म्हणजे या ब्लॉकमध्ये 920 घन सेंटिमीटर काच आहे. ती पुढच्या-मागच्या दोन तोंडांवर आणि चार बाजूंवर वाटली की जाडी साधारण साडेसात मिलिमीटर येते. बाकी सगळी पोकळी. हा ब्लॉक दोन वाट्यांचा बनतो. वितळलेली काच साच्यात दाबून एकेक उथळ चौकोनी वाटी करतात आणि दोन वाट्या तापलेल्या असतानाच तोंडाला तोंड लावून जोडतात. आतली गरम हवा निवल्यावर आकसते, म्हणून आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. बाजूने निरखलं तर मधोमध जोडाची बारीक रेघ दिसते.

लाटांची नक्षी असते ती आतल्या बाजूला. बाहेरून हात फिरवला तर काच सपाट लागते, त्यामुळे ती पुसायलाही सोपी जाते. रेंडरच्या दृष्टीने ही बारीकशी गोष्ट फार महत्त्वाची आहे. बाहेरच्या सपाट तोंडावर खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब आरशासारखं सरळ पडतं, आणि त्याच्या मागे, आत, सगळं वितळल्यासारखं दिसतं. या दोन गोष्टी एकावर एक दिसल्या की डोळ्याला पटतं की हो, हा ग्लास ब्लॉक आहे. लाटा बाहेरच्या बाजूला दिल्या की प्रतिबिंबही वाकडं होतं आणि वीट प्लास्टिकची वाटायला लागते.

आता लाटा किती खोल द्यायच्या? हे मी अंदाजाने करत असे. खरं तर साधा हिशेब आहे. काचेचा अपवर्तनांक दीडच्या जवळपास असतो. सॉफ्टवेअरमध्ये तो IOR या नावाने दिसतो. काचेचा पृष्ठभाग एखाद्या जागी दहा अंश कलला असेल, तर तिथून जाणारा किरण त्याच्या साधारण निम्मा, म्हणजे पाच अंश वळतो. ब्लॉकला अशी लाटांची तोंडं दोन. दोन्हींचं वळण एकाच दिशेला पडलं तर दहा अंश. कुठे ती एकमेकांना खोडतात आणि किरण जवळजवळ सरळ जातो.

या दहा अंशांचं काय होतं, हे पलीकडची वस्तू किती लांब आहे त्यावर ठरतं. ब्लॉकपासून दहा सेंटिमीटरवर हात धरला तर प्रतिमा फार तर पावणेदोन सेंटिमीटर सरकते, म्हणून बोटं ओळखू येतात. माणूस दोन मीटर लांब उभा असेल तर तेच वळण 35 सेंटिमीटरचं होतं, म्हणजे जवळजवळ खांद्याएवढं. मग खांद्याच्या जागी भिंत दिसते आणि भिंतीच्या जागी शर्टाचा रंग. ब्लॉकच्या भिंतीपलीकडून कोणी चालत आलं की आधी रंगाचे डाग हलताना दिसतात आणि ते जवळ येईल तसतसे डाग जुळून माणूस तयार होतो. हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी लाटांचा उतार दहा अंशांच्या आसपास ठेवल्यावर रेंडरमध्ये ते आपोआप आलं.

बाथरूमच्या बाबतीत हा हिशेब शोभेपुरता नसतो. त्याच बंगल्यात वरच्या मजल्यावर बाथरूम आणि पॅसेज यांच्यामध्येही ब्लॉकची पट्टी यायची होती. वहिनींचा प्रश्न सरळ होता: रात्री आत दिवा असताना पॅसेजमधून काय दिसेल? दुधी काच दाखवणाऱ्या रेंडरने याचं उत्तर चुकीचं दिलं असतं. या वेळी मी खऱ्या लाटांचे ब्लॉक रचले, आत दिवा लावला आणि माणसाचा पुतळा एकदा भिंतीपासून एक मीटरवर, एकदा पंधरा सेंटिमीटरवर उभा केला. एक मीटरवर नुसता रंगाचा धब्बा हलला. पंधरा सेंटिमीटरवर मात्र शरीराची रेघ स्वच्छ ओळखू येत होती. शॉवर नेमका त्याच भिंतीला लावलेला होता. तो समोरच्या भिंतीवर हलवला. फरशी बसायच्या आधी हे कळलं म्हणून नळाचा पाइप हलवण्यावर भागलं.

ब्लॉक कॉम्प्युटरवर बांधताना दुसरी मोठी चूक होते ती पोकळीची. घाईत एक चौकोनी ठोकळा करून त्याला काच हे मटेरियल लावलं जातं. तसा भरीव ठोकळा टेबलावरच्या पेपरवेटसारखा किंवा बर्फाच्या लादीसारखा दिसतो. खऱ्या ब्लॉकमध्ये किरणाला चार पृष्ठभाग ओलांडावे लागतात: हवेतून काचेत, काचेतून पोकळीत, पोकळीतून पुन्हा काचेत आणि शेवटी बाहेर. म्हणून आतली पोकळी वेगळी करावी लागते आणि तिच्या पृष्ठभागाची दिशा काचेपासून हवेकडे असावी लागते. ती उलटी राहिली तर सॉफ्टवेअरला हवेच्या जागी काच आणि काचेच्या जागी हवा वाटते. याची खूण सोपी आहे. लाटा दिलेल्या असूनही त्या जागी नसल्यासारख्या वाटतात आणि ब्लॉक भरल्यासारखा जड दिसतो.

पोकळी नीट झाली की ती हिरवट चौकट फुकट मिळते. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे तिला हिरवी झाक येते. समोरून पाहताना नजर दोन तोंडांतून, म्हणजे दीड सेंटिमीटर काचेतून जाते. तेवढ्याने हिरवेपणा जाणवत नाही. पण ब्लॉकच्या कडेला नजर बाजूच्या काचेतून लांबीने जाते, तिथे आठ सेंटिमीटर काच असते. म्हणून मधे पांढरा आणि कडेला हिरवा. काचेच्या पृष्ठभागाला हिरवा रंग दिला तर सगळी वीट सारखी हिरवी होते, सरबताच्या बाटलीसारखी. रंग काचेच्या आत, जाडीप्रमाणे वाढणारा असा द्यायचा, तोही अगदी नावाला. शिवाय ब्लॉकच्या चारही बाजूंना कारखान्यातच एक लेप दिलेला असतो, मसाला धरावा म्हणून. माझ्या ब्लॉकचा लेप पांढरा होता. रेंडरमध्ये बाजू पांढऱ्या केल्या नाहीत तर कडांमधून सिमेंटचा करडा रंग डोकावतो आणि भिंत मळकी वाटते.

जिन्यातली भिंत सहा ब्लॉक रुंद आणि बारा ब्लॉक उंच होती, एकूण 72 ब्लॉक. दोन ब्लॉकांमधली दर्ज 10 मिलिमीटरची, म्हणजे एकेक घर 20 सेंटिमीटरचं आणि भिंत साधारण 1.2 बाय 2.4 मीटरची. नुसत्या काचेचंच वजन 165 किलोंच्या वर. तरी ही भिंत वरचा भार घेत नाही. गवंडी दर्जांमधून बारीक सळया टाकतो, आणि वर नि दोन्ही बाजूंना मऊ पट्टी भरून थोडी मोकळीक ठेवतो, म्हणजे घर उन्हाने फुगलं-आकसलं तरी काचेवर ताण येत नाही. ती पट्टीही चित्रात दाखवावी. भिंत थेट गिलाव्यात घुसलेली दाखवली की मालक साइटवर तसंच मागतात आणि पुढे ब्लॉकला तडे जातात.

मॉडेल तयार झालं, आता उजेड. मी Blender वापरतो. त्यातला Cycles हा भाग किरणांचा माग उलटा काढतो: डोळ्यापासून निघायचं, वस्तूंवर आपटत जायचं आणि दिव्यापर्यंत पोचायचं. किरणाने किती वेळा आपटावं किंवा आरपार जावं यावर मर्यादा घातलेली असते. मुळात ती बाराची असते. एका ब्लॉकमधून सरळ जायला चार वेळा खर्च होतात. किरण तिरका गेला तर काचेतच इकडून तिकडे परावर्तित होत राहतो आणि बारा बघता बघता संपतात. जिथे संपले तिथे सॉफ्टवेअर काळा रंग भरतं. पहिल्या चित्रात माझ्या ब्लॉकांच्या कोपऱ्यांत काळे त्रिकोण दिसले होते आणि मला वाटलं सावली आहे. सावली आहे की मर्यादा संपली आहे हे ओळखायला आकडा दुप्पट करायचा. काळं उजळलं तर मर्यादाच अपुरी होती. असं वाढवत जायचं आणि चित्रात फरक पडेनासा झाला की थांबायचं. या भिंतीला 24 पुरले. बाथरूमच्या चित्रात आरसा आणि शॉवरची काच दोन्ही होती, तिथे 32 लागले.

यापेक्षा अवघड प्रश्न पायऱ्यांवर पडणाऱ्या उजेडाचा होता. पायरीवरचा एखादा ठिपका किती उजळ हे ठरवताना सॉफ्टवेअर तिथून सूर्याकडे सरळ रेघ ओढतं. वाटेत काही आलं तर ती जागा सावलीत. काच आली तरी सावलीतच, कारण काचेत किरण वळतो आणि सरळ रेघेला ते वळण माहीत नसतं. मग काचेतून आलेला उजेड सापडतो तो योगायोगाने, एखादा भटका किरण नेमका सूर्यावर आदळला तरच. म्हणून पहिल्या रेंडरमध्ये भिंत झगमगते, जिना अंधारात राहतो आणि पायऱ्यांवर मिठाचे खडे सांडावेत तसे पांढरे ठिपके येतात.

यावर एक प्रचलित तोड आहे. सावली तपासणाऱ्या किरणांपुरती काच पारदर्शक आहे असं सॉफ्टवेअरला सांगता येतं. अंधार जातो, पण मग पायऱ्यांवर दर्जांची जाळी रेखल्यासारखी उमटते, कारण ऊन काच नसल्यासारखं सरळ आत येतं. साध्या खिडकीला हे चालतं. ग्लास ब्लॉकच्या बाबतीत ते खोटं आहे, कारण लाटांनी ते ऊन पसरवायला हवं होतं. मी दुसरा रस्ता घेतला. भिंतीच्या आतल्या अंगाला, तिच्याच मापाचा, डोळ्याला न दिसणारा एक सपाट दिवा ठेवला. ब्लॉक बाहेरच्या आकाशाने उजळतात आणि जिना या दिव्याने.

यात लबाडी व्हायला नको असेल तर दिव्याची ताकद मनाने ठरवायची नाही. आधी ब्लॉक काढून, मोकळ्या भोकातून येणाऱ्या उजेडात पायरी किती उजळते ते पाहिलं. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परतवतो, त्यामुळे चार पृष्ठभागांनंतर शंभरातले पंच्याऐंशी उरतात. भिंतीचा दहावा हिस्सा दर्जांनी अडवलेला, म्हणजे सत्त्याहत्तर. काचेची हिरवी झाक आणि कडांमध्ये अडकलेला उजेड वजा जाता मी सत्तर धरले. दिवा तेवढ्यावर आणून ठेवला. नंतर बांधलेल्या जिन्यात ढगाळ दुपारी जाऊन पाहिलं. पायऱ्या आणि भिंत यांच्या उजेडातला फरक चित्राशी जुळत होता.

ढगाळ दुपारी, हे मी मुद्दाम सांगतो. संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेचं ऊन थेट ब्लॉकांवर येतं, तेव्हा प्रत्येक लाट भिंगासारखं काम करते आणि समोरच्या भिंतीवर उजेडाच्या वेड्यावाकड्या रेघा नाचतात, विहिरीच्या पाण्यावरून थारोळ्याच्या भिंतीवर नाचतात तशा. माझा सपाट दिवा त्या रेघा देऊ शकत नाही. त्या हव्या असतील तर अशा रेघांसाठी खास सोय असलेलं सॉफ्टवेअर लागतं आणि वेळही कितीतरी जास्त जातो. मी मालकांना हे आधीच सांगतो: हे चित्र दुपारचं आहे, संध्याकाळी यापेक्षा जास्त मिळेल.

बाहेर दिवा ठेवून काचेची भिंत उजळवणं मात्र कॉम्प्युटरवाल्यांनी शोधलेलं नाही. पॅरिसमध्ये पिएर शारो याने बर्नार्ड बिजफूट याच्यासोबत डॉ. दालसास यांच्यासाठी 1928 ते 1932 या काळात एक घर बांधलं. ते ‘मेझों द व्हेर’, म्हणजे काचेचं घर म्हणून ओळखलं जातं. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू बाई जागा सोडेना, म्हणून तिचा मजला तसाच ठेवून त्याच्या खाली हे घर उभं केलं. त्याचं तोंड काचेच्या चौकोनी भिंगांचं आहे. ती भरीव आहेत, आपल्या ब्लॉकसारखी पोकळ नाहीत. रात्री आत उजेड हवा म्हणून शारोने मोठे दिवे घराबाहेर उभे केले, भिंतीकडे तोंड करून. काचेत शिरलेला तो उजेड आत दिवसासारखा पसरत असे.

शेवटी राहते ती चमक. भिंतीभोवती पसरलेली मंद आभा सगळ्यांना हवी असते आणि ती चित्र झाल्यावर वरून धुरळ्यासारखी फवारली जाते. तसं केलं की लाटा, दर्जा, हिरव्या कडा सगळं त्यात बुडतं. चमकेचं खरं काम चित्राची उजळता सांभाळण्यात आहे. बाहेरचं आकाश जिन्याच्या कितीतरी पट तेजस्वी असतं. ते जसंच्या तसं पडद्यावर आणलं तर 72 ब्लॉक 72 पांढरे कागद होतात. Blender मध्ये AgX नावाची सोय आहे, ती तेज हळूहळू दाबत नेते. मग उजळ ब्लॉकमध्येही रंगाच्या पायऱ्या शिल्लक राहतात आणि सगळ्यात तेजस्वी तुकडा वेगळा चमकतो. त्याच्यावर आभा द्यायची ती इतकी कमी की काढून टाकल्यावरच जाणवावी. ठिपके पुसणारं साधनही जपून वापरावं. त्याला लाटा आणि ठिपके यांतला फरक नेहमीच कळतो असं नाही, आणि जोर जास्त झाला की ते आपल्या ब्लॉकची पुन्हा दुधी काच करून टाकतं.

जिन्याचं ते चित्र मी पुन्हा पहिल्यापासून करून वहिनींना पाठवलं, पैसे अर्थातच न घेता. त्यांनी मोबाइलवरचं जुनं काढून नवं ठेवलं.

तुमच्या घरात अशी भिंत येणार असेल आणि कोणी तुम्हाला तिचं रेंडर दाखवलं, तर एवढं करा. चित्र मोठं करून एकच ब्लॉक बघा. त्यात बाहेरच्या रंगांचे स्पष्ट कडांचे तुकडे दिसतात का आणि कडेला हिरवट चौकट आहे का, ते पाहा. नुसता पांढरा धूर दिसला तर चित्र परत करायला सांगा, आणि बाथरूमचं असेल तर भिंतीलगत माणूस उभा करून रात्रीचं चित्र मागून घ्या.